कर्णाळ्याचा सुळका कापडावर : छायाचित्रातून क्रॉस स्टिचचा आलेख

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात क्षितिजावर कर्णाळ्याचा सुळका दिसू लागतो. डोंगराच्या माथ्यावर उभा केलेल्या अंगठ्यासारखा तो काळा कातळ पनवेलकरांच्या ओळखीचा आहे. त्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ सालापासून पक्षी अभयारण्य म्हणून राखलेले आहे. या दृश्याचे छायाचित्र अनेकांच्या संग्रही असते, आणि भरतकामाची आवड असलेल्या घरात ते फुलीच्या टाक्याने, म्हणजेच क्रॉस स्टिचने, कापडावर उतरवावे अशी इच्छा होणेही स्वाभाविक आहे. दारावरचे ‘सुस्वागतम्’ किंवा पोपटांची जोडी भरताना तयार नमुना हाताशी असतो. येथे मात्र नमुना स्वतःच तयार करावा लागतो.

संगणकावर हे काम वरवर पाहता अर्ध्या मिनिटाचे आहे. छायाचित्र दिले, रंगांची संख्या सांगितली, की चौकोनांचा आलेख समोर येतो. पण तो आलेख जसाच्या तसा भरायला घेतला, तर तीन-चार महिन्यांच्या श्रमानंतर हाती येते ते हिरव्या-करड्या ठिपक्यांचे गाठोडे, आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला तो सुळका त्यात ओळखूही येत नाही. असे का होते आणि ते टाळण्यासाठी कोणते निर्णय माणसाने आपल्या हाती ठेवावेत, हे कर्णाळ्याच्या एका छायाचित्राच्या उदाहरणाने पाहता येईल.

आधी घरांची संख्या

क्रॉस स्टिचमध्ये चित्राचा सर्वांत लहान घटक म्हणजे एक फुली. ती कापडाच्या एका घरात बसते. भारतात या कामासाठी मॅटी किंवा दुसूतीचे कापड पूर्वीपासून वापरले जाते. अलीकडे ‘आयडा’ या नावाचे, विणीतच चौकोनी घरे असलेले कापडही सहज मिळते. आयडाच्या नावापुढे लिहिलेला आकडा म्हणजे एका इंचातील घरांची संख्या. १४ क्रमांकाच्या कापडात एका इंचात १४ घरे बसतात, म्हणजे एक घर सुमारे १.८ मिलिमीटरचे असते.

समजा, मूळ छायाचित्र ३,००० पिक्सेल रुंद आणि २,००० पिक्सेल उंच आहे. त्याचा आलेख १५० घरे रुंद आणि १०० घरे उंच करायचे ठरले, तर १४ क्रमांकाच्या कापडावर चित्राचा आकार सुमारे पावणेअकरा इंच गुणिले सव्वासात इंच होईल. भिंतीवरच्या मध्यम चौकटीला हा आकार योग्य आहे. या चित्रात एकूण १५,००० घरे असतील. सरावलेल्या हाताने तासाला शंभर फुल्या भरल्या, तरी हे दीडशे तासांचे काम आहे.

आता खरी अडचण पाहावी. ३,००० पिक्सेलची रुंदी १५० घरांत बसवली, की २० गुणिले २०, म्हणजे ४०० पिक्सेल मिळून एक घर बनते. त्या चारशे ठिपक्यांतील सारा तपशील एका रंगात विरून जातो. छायाचित्रात सुळका १६० पिक्सेल रुंद असेल, तर आलेखात त्याच्या वाट्याला अवघी आठ घरे येतात. आठ घरांत अंगठ्याचा आकार दाखवता येत नाही. तेथे खांब दिसेल, किंवा चुलीचे धुराडे.

यावर पहिला उपाय म्हणजे छायाचित्राची कडक छाटणी. रस्ता, विजेचे खांब, शेताचा पुढचा भाग, वरचे रिकामे आकाश कापून केवळ १,२०० गुणिले ८०० पिक्सेलचा सुळक्याभोवतीचा भाग ठेवला, तर एका घरात ८ गुणिले ८, म्हणजे ६४ पिक्सेल येतात आणि सुळका २० घरांचा होतो. कापडाचा आकार तोच, श्रमही तेवढेच, पण चित्रविषयाला अडीचपट रुंदी मिळते. साधा दंडक असा, की चित्रात ज्या गोष्टीवर नजर ठरायची आहे, तिला रुंदीत किमान वीस घरे मिळावीत. तेवढी मिळत नसतील, तर आधी छाटणी करावी आणि मगच मोठ्या कापडाचा विचार करावा.

छायाचित्र कोणत्या वेळचे आहे, यालाही महत्त्व आहे. पनवेलच्या बाजूने पाहिले असता कर्णाळा दक्षिणेला येतो, त्यामुळे सकाळी सुळक्याची डावी, म्हणजे पूर्वेकडची बाजू उजळते आणि उजवी सावलीत राहते. उजेड आणि सावली अशी विभागणी झालेला कातळ चार-पाच रंगांतही उठावदार दिसतो. हिवाळ्यातील दुपारी सूर्य समोरून येतो व सुळक्याची केवळ काळी आकृती उरते. पावसाळी धुक्यात कडाच हरवते. आलेख कितीही चांगला केला, तरी छायाचित्रात नसलेला उजेड त्यात येत नाही.

रंगांची वाटणी कोणाच्या हाती?

छायाचित्रात हजारो छटा असतात. दोऱ्यांच्या बाजारात मात्र छटा मोजक्या आहेत. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या अँकरच्या दोऱ्यांत चारशेहून अधिक छटा आहेत, तर डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या दोऱ्यांत सुमारे पाचशे. यांतील ६०-७० छटा वापरून आलेख करणे संगणकाला सहज शक्य आहे. परंतु तो भरणाऱ्याला जाच होतो आणि चित्रही त्या प्रमाणात सुधारत नाही. कर्णाळ्याच्या चित्राला १४ ते १८ रंग पुरेसे आहेत. फक्त ते रंग कोठे खर्च करायचे, हे ठरवणे आवश्यक आहे.

येथेच संगणकावर विसंबणारे फसतात. रंग कमी करणारी बहुतेक सॉफ्टवेअर चित्रातील पिक्सेल मोजतात आणि ज्या भागाने अधिक जागा व्यापली आहे, त्याला अधिक रंग देतात. त्यांना आकाश कोणते आणि कातळ कोणता, हे ठाऊक नसते. आपल्या छाटलेल्या चित्रात आकाश ४० टक्के, म्हणजे ६,००० घरे व्यापते. उरलेल्या ९,००० घरांपैकी जंगलाची ७,०००, दूरच्या डोंगररांगेची १,१०० आणि सुळका व त्याखालच्या कातळाची मिळून केवळ ९०० असतील. १८ रंगांची मर्यादा घातली, की आकाशाच्या निळाईला सात-आठ, जंगलाला तितकेच आणि कातळाला एखाद-दुसरा रंग मिळतो. ज्याच्यासाठी चित्र काढले, तोच भाग सपाट होतो.

म्हणून रंगांचे अंदाजपत्रक आधी कागदावर मांडावे. कर्णाळ्यासाठी ते असे असू शकेल : कातळाला पाच रंग, त्यांतील दोन उजळ बाजूचे, दोन सावलीचे व एक मधला, जंगलाला सहा, दूरच्या डोंगरांना दोन, आणि कडा रेखण्यासाठी एक गडद रंग. हे झाले १४. आकाशाचा यात समावेश नाही, कारण आकाश न भरता फिकट निळ्या रंगाचे कापडच घेणे या चित्राला अधिक मानवते. मोकळे कापड एकसारखे, शांत दिसते आणि भरलेला कातळ त्यावर उठून येतो. शिवाय ६,००० फुल्या, म्हणजे सुमारे साठ तासांचे काम वाचते. दीडशे तासांचे चित्र नव्वद तासांवर येते.

आकाश भरायचेच असेल, तर चार रंगांत त्याचे आडवे पट्टे पडतात, हा धोका ध्यानात ठेवावा. तो टाळण्यासाठी सुईत दोन्ही पदर एका रंगाचे न घेता लगतच्या दोन रंगांचा एकेक पदर घ्यावा. चार दोऱ्यांच्या अशा तीन लगतच्या जोड्या होतात व चार लड्यांत सात छटा मिळतात. पट्ट्यांच्या सीमा त्यामुळे मऊ होतात.

अंदाजपत्रकाप्रमाणे रंग कमी करण्यासाठी चित्राचे भाग वेगळे करून हाताळावेत. ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे करता येते. प्रथम छाटलेले चित्र Image > Scale Image… मधून १५० गुणिले १०० पिक्सेलचे करावे. आता एक पिक्सेल म्हणजे एक घर. त्यानंतर Free Select Tool ने केवळ कातळाचा भाग निवडून त्याची प्रत नव्या चित्रात न्यावी. तेथे Image > Mode > Indexed… उघडून Generate optimum palette हा पर्याय निवडावा, Maximum number of colors मध्ये ५ लिहावे आणि Color dithering पुढे None ठेवावे. असेच जंगलासाठी सहा आणि डोंगरांसाठी दोन रंगांचे करून सारे भाग पुन्हा मूळ जागी जोडावेत.

या क्रमाला कारण आहे. आधी रंग कमी करून मग आकार लहान केला, तर आकार लहान होताना लगतच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कमी केलेल्या रंगांच्या जागी नव्या छटांची भाऊगर्दी होते. म्हणून आधी आकार, मग रंग. Color dithering बंद ठेवण्याचेही कारण तसेच आहे. तो पर्याय दोन रंगांचे ठिपके आलटून-पालटून विखरून मधल्या छटेचा आभास निर्माण करतो. पडद्यावर तो शोभतो. कापडावर मात्र प्रत्येक ठिपक्यासाठी दोरा बदलावा लागतो. तयार चित्र साठवताना पीएनजी स्वरूपात साठवावे. जेपीजीमध्ये साठवल्यास कडांजवळ नव्या छटा आपोआप उमटतात आणि १४ रंगांचे चित्र पुन्हा शेकडो रंगांचे होते. रंग मोजून कमी केले असतानाही आलेखाच्या यादीत भलतेच रंग दिसू लागले, तर बहुधा हीच चूक झालेली असते.

विखुरलेल्या एकट्या फुल्या

जंगलाची पाने, फांद्या आणि त्यांतली उन्हाची तिरीप यांमुळे त्या भागाच्या आलेखात जागोजागी एकेकटी घरे दिसतात. गडद हिरव्यात एक पोपटी, तिच्याशेजारी एक तपकिरी, पुढे पुन्हा एक करडी. इंग्रजीत अशा फुल्यांना ‘कॉन्फेटी’ म्हणतात. अशी प्रत्येक एकटी फुली भरताना दोऱ्याचे टोक मागच्या बाजूला तीन-चार टाक्यांखाली सरकवून पक्के करावे लागते, आणि ती संपल्यावर दुसरे टोकही तसेच. एका फुलीला जेमतेम एक सेंटिमीटर दोरा लागतो, पण तिच्या टोकांना त्याच्या कितीतरी पट दोरा जातो. शेकडो अशा फुल्या झाल्या, की कापडाची मागची बाजू गाठाळ होते, सुई अडकू लागते आणि चौकटीत ताणल्यावर पुढच्या बाजूला फुगवटे दिसतात.

टोके वाचवण्यासाठी पुष्कळजण दोरा मागून दहा-बारा घरे ओढत नेतात. हा उपाय आणखी वाईट. फिकट कापडाच्या मोकळ्या भागामागून गेलेला गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसतो. आकाश मोकळे ठेवलेल्या चित्रात तर सुळक्याच्या एका बाजूचा दोरा आकाशामागून दुसरीकडे कधीच नेऊ नये.

यावरचा उपाय रंग कमी करण्याआधीच करावा. जंगलाचा भाग वेगळा केल्यावर त्यावर Filters > Blur > Median Blur… हा संस्कार अगदी अल्प प्रमाणात, त्रिज्या १ किंवा २ ठेवून करावा. त्याने एकटे ठिपके शेजारच्या रंगात मिसळतात आणि पानांच्या भुरभुरीऐवजी झाडांचे पुंजके तयार होतात. जंगल दुरून दिसतेही पुंजक्यांचेच. कातळावर मात्र हा संस्कार करू नये. तेथील एक-दोन घरांच्या भेगाच त्याला कातळपण देतात.

त्यानंतरही उरलेली एकटी घरे हाताने तपासावीत. रंगांच्या यादीत एखाद्या रंगाच्या पंधरा-वीसच फुल्या असतील, तर तो रंग लगतच्या छटेत विलीन करावा. अपवाद फक्त एवढाच, की त्या थोड्या फुल्यांवर चित्राचा अर्थ अवलंबून असेल, तर त्या राखाव्यात. सुळक्याच्या उजळ कडेवरच्या आठ-दहा फिकट फुल्या संख्येने नगण्य असतात. पण त्या काढल्या तर उन्हाचा सारा भास जातो.

दोऱ्याशी प्रत्यक्ष पडताळा

पडद्यावरचा रंग आणि दोऱ्याचा रंग यांत फरक पडतोच. म्हणून सॉफ्टवेअरने सुचवलेले क्रमांक अंतिम न मानता दुकानात लड्या दिवसाउजेडी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. दोन लड्या दोन मीटरवरून वेगळ्या ओळखू येत नसतील, तर त्यांतील एक निरुपयोगी आहे. तिच्याऐवजी जरा अधिक गडद किंवा फिकट छटा घ्यावी. त्या लड्यांचे एक छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहिल्यास आणखी एक दोष उघड होतो. कातळाचा तपकिरी करडा आणि जंगलाचा गडद हिरवा हे रंगाने वेगळे असूनही कृष्णधवल चित्रात अगदी सारखे दिसू शकतात. तसे झाले, तर सुळक्याचा पायथा जंगलात बुडून जातो. चित्राची मांडणी प्रथम गडद-फिकटपणावर उभी असते, रंग त्यानंतर येतो. अशा वेळी कातळाच्या सावलीचा रंग थोडा उजळ किंवा लगतचा हिरवा आणखी गडद करावा.

लडी आठ मीटरची आणि सहा पदरांची असते. १४ क्रमांकाच्या कापडावर दोन पदरांनी भरल्यास, वाया जाणारा दोरा धरून, एका लडीत साधारण पंधराशे ते अठराशे फुल्या होतात. कर्णाळ्याच्या चित्रात बहुतेक रंगांना एकेक लडी पुरते; जंगलाच्या सर्वांत गडद हिरव्याला दोन लागतील. त्या दोन्ही एकाच वेळी घ्याव्यात, कारण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्यांत एकाच क्रमांकाची छटाही किंचित बदलते आणि जंगलाच्या मधोमध सांधा दिसतो.

पाव, अर्धी आणि पाऊण

एवढे झाल्यावर आलेखात सुळका दिसू लागतो, पण त्याच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या असतात. चौकोनी घरांतून तिरपी रेषा काढायची तर पायऱ्या होणारच. १.८ मिलिमीटरची एक पायरी साधारण निरोगी डोळ्याला सहा मीटरच्या पलीकडे वेगळी दिसत नाही. आपल्याकडच्या दिवाणखान्यात चित्र दोन-तीन मीटरवरून पाहिले जाते, त्यामुळे ती दिसते. तेथे अपुरे टाके उपयोगी पडतात.

पूर्ण फुलीत घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या दोन तिरक्या रेषा असतात. त्यांतील एकच घेतली की अर्धी फुली होते. कोपऱ्यातून निघून घराच्या मध्यापाशी थांबणारा टाका म्हणजे पाव टाका. एक पूर्ण तिरकी रेषा आणि तिला जोडून एका कोपऱ्यातून मध्यापर्यंतचा पाव टाका मिळून पाऊण टाका होतो. पाऊण टाक्याने घराचा त्रिकोणी अर्धा भाग भरतो आणि त्याची तिरकी रेषा स्वच्छ कडा बनते. सुळक्याच्या पायऱ्या मोडण्याचे काम मुख्यतः यानेच होते. अर्धी फुली कडेच्या कामाची नाही. ती दूरच्या डोंगरांसाठी वापरावी. तिच्यातून कापड थोडे दिसत राहते आणि डोंगरांना धूसरपणा येतो.

कोणत्या घरात पाऊण टाका घालावा, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. त्यासाठी तेच छाटलेले छायाचित्र दुप्पट बारकाईने, म्हणजे ३०० गुणिले २०० पिक्सेलचे करून घ्यावे. आता प्रत्येक घरात चार उपघरे मिळतात. सुळक्याच्या कडेवरचे एकेक घर घेऊन त्या चारांपैकी किती उपघरे कातळाची आहेत, ते मोजावे. चारही असतील तर पूर्ण फुली. तीन असतील तर पाऊण टाका. त्याचा भरीव कोपरा एकट्या आकाशी उपघराच्या बरोबर समोर यावा. केवळ एकच असेल तर पाव टाका, किंवा ते घर रिकामेच. दोन-दोन अशी उभी किंवा आडवी विभागणी असेल, तर अपुरा टाका उपयोगाचा नाही. अशा वेळी वरच्या-खालच्या घरांची कडा पाहून ते पूर्ण भरावे किंवा पूर्ण सोडावे.

आकाश मोकळे ठेवल्याचा येथे आणखी एक लाभ होतो. सुळक्याच्या कडेच्या घरात एकच रंग भरायचा असल्याने उरलेला त्रिकोण कापडाचाच राहतो. कातळ आणि जंगल यांच्या सीमेवर मात्र एका घरात दोन रंग येतात. तेथे दोन्ही रंगांना पाऊण टाका देण्याचा मोह होतो, पण मग एकाच तिरक्या रेषेवर दोन दोरे चढतात आणि घर फुगते. नियम असा आहे, की जी वस्तू पाहणाऱ्याच्या जवळ आहे तिला पाऊण आणि मागच्या वस्तूला पाव टाका द्यावा. सुळक्याच्या पायथ्याशी झाडे कातळाच्या पुढे आहेत, म्हणून तेथे पाऊण टाका हिरव्याचा आणि पाव कातळाचा. दूरच्या डोंगरांपुढे कातळ येतो तेथे पाऊण टाका कातळाला मिळेल. हा क्रम उलटा झाला, तर झाडे कातळाच्या मागे गेल्यासारखी दिसतात आणि दोष कशात आहे हे मात्र पटकन उमगत नाही.

आयडा कापडाच्या घराच्या मध्यभागी छिद्र नसते. तेथे विणीचा घट्ट ठोकळा असतो. नेहमीच्या बोथट सुईने तो भेदताना धागे बाजूला सरकतात आणि पाव टाका कोपऱ्याकडे झुकतो. त्यामुळे एवढ्या टाक्यांपुरती टोकदार सुई घ्यावी आणि ठोकळ्याच्या नेमक्या मध्यातून काढावी. अपुरे टाके पुष्कळ असतील, तर उभे-आडवे धागे सारख्या संख्येने विणलेले २८ क्रमांकाचे कापड घेऊन दोन-दोन धाग्यांवर फुली घालणे सोयीचे. फुलीचा आकार १४ क्रमांकाइतकाच राहतो आणि घराच्या मध्यात छिद्र आपोआप मिळते. पुढे पसरलेली फुली कोठेही असली, तरी तिची वरची रेषा सर्वत्र एकाच दिशेला झुकलेली असावी. पाऊण टाक्यात मात्र कडेची गरज आधी पाहावी लागते, आणि तिची पूर्ण रेषा त्याप्रमाणे दिशा बदलते.

कडेची रेघ

पाऊण टाक्याला एक मर्यादा आहे. त्याची कडा नेहमी ४५ अंशांतच जाते. कर्णाळ्याच्या सुळक्याच्या बाजू त्याहून पुष्कळ खड्या आहेत. चार घरे वर चढल्यावर कोठे एक घर बाजूला सरकते. अशा कडेवर प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एकच पाऊण टाका बसतो आणि मधली तीन घरे सरळ राहतात. उरलेला खडबडीतपणा उलट्या टिपेने झाकायचा असतो. ती एका पदराने आणि सर्व फुल्या संपल्यावर घालावी. टीप घरांच्या कोपऱ्यांतून कोणत्याही तिरपेपणाने नेता येते, म्हणून खड्या चढाला तीच शोभते. तरीही तीन घरांहून लांब टाका घेऊ नये. तो सैल पडतो आणि बोटाला अडकतो.

टिपेसाठी काळा दोरा घेण्याची सवय सोडावी. काळ्या रेघेने वेढलेला सुळका व्यंगचित्रातल्या डोंगरासारखा दिसतो. कातळाच्या सर्वांत गडद छटेहून एक पायरी गडद असा करडा-तपकिरी रंग पुरेसा आहे. टीपही सर्वत्र लागत नाही. सावलीची उजवी कडा आकाशासमोर स्पष्टच असते. डाव्या, उजळ कडेवर कातळ आणि आकाश यांचा उजेड सारखा होतो, तेथे आणि अंगठ्याच्या टोकाशी ती घालावी.

आलेख छापण्यापूर्वी दर दहा घरांनी ठळक रेघ आणि चारही बाजूंना मध्यबिंदूची खूण असावी. अपुऱ्या टाक्यांच्या घरात चिन्ह लहान करून ज्या कोपऱ्यात टाका येतो तेथेच छापावे, अन्यथा भरताना तो पूर्ण फुली समजला जातो. कापड चित्रापेक्षा चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोठे, म्हणजे साधारण सतरा गुणिले साडेतेरा इंच घ्यावे.

आणि संपूर्ण कामाला हात घालण्यापूर्वी सुळक्याच्या टोकाचा २० गुणिले २० घरांचा तुकडा वेगळ्या कापडावर भरून पाहावा. त्यातील आकाशाची घरे वगळता अडीचशे-तीनशे फुल्या, म्हणजे फार तर तीन तासांचे काम होते. तो तुकडा भिंतीला टाचून तीन मीटरवरून पाहावा. उजळ आणि सावलीची बाजू वेगळी दिसत नसेल, तर कातळाचे रंग बदलावेत. टोकाजवळ पायऱ्या दिसत असतील, तर पाऊण टाके पुन्हा मोजावेत. अंगठा तरीही ओळखू येत नसेल, तर दोष रंगांत नाही आणि टाक्यांतही नाही. घरेच कमी पडली आहेत. मग छायाचित्र आणखी छाटून आलेख नव्याने मांडणे हाच मार्ग उरतो, आणि तीन तासांनंतर तो स्वीकारणे नव्वद तासांनंतर स्वीकारण्यापेक्षा फार स्वस्त पडते.